गाभण गाईचं अंग कसं वाचावं आणि खुराक कधी बदलावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात सत्तरी आणि डिचोलीच्या गोठ्यांतून फिरताना मला एकच प्रश्न सगळ्यांत जास्त ऐकू येतो: "डॉक्टर, गाय आता व्यायला झाली, काय घालू तिला?" हा प्रश्न येतो तेव्हा बहुतेक वेळा व्यायला पंधरा दिवस उरलेले असतात, आणि तोवर खरं काम करण्याची वेळ निघून गेलेली असते. ती वेळ कधी असते आणि ती गाईच्या अंगावर कशी वाचायची, एवढंच या पानावर सांगायचं आहे. इथले आकडे आपल्याकडच्या साडेतीनशे ते चारशे किलोच्या संकरित जर्सी गाईंसाठी आहेत. एचएफ गाय वजनाने मोठी असते, तिला त्याच प्रमाणात जास्त लागेल.

अंगाचे गुण म्हणजे नेमकं काय मोजायचं?

हाडांवर किती चरबी आणि मांस आहे, ते. त्याला १ ते ५ गुण देतात. १ म्हणजे नुसता सापळा आणि ५ म्हणजे हाड हाताला लागतच नाही इतकी लठ्ठ गाय. मधले गुण पावापावाने मोजतात: अडीच, पावणेतीन, तीन, सव्वातीन. ही पद्धत आपल्याला सोपी जावी, कारण पाव-अर्ध्याचा हिशेब आपल्या तोंडातच बसलेला आहे.

गुण म्हणजे वजन नव्हे. दोन गाई फीत लावून दोन्ही ३८० किलोच्या भरतात, पण एक हाडापेराने मोठी आणि खप्पड असते, दुसरी लहान चणीची आणि भरलेली. फीतीला हा फरक कळत नाही. हाताला कळतो.

पाहायचं कुठे आणि हात कुठे लावायचा?

गाय सपाट जागेवर चारही पायांवर नीट उभी हवी. आधी बाजूने पाहा. कमरेच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक हाड बाहेर आलेलं असतं, ज्यावर आपण सहज दोरी अडकवू शकू असं वाटतं. ते पुढचं टोक. शेपटीच्या दोन्ही बाजूंना, अगदी मागे, दोन हाडं असतात. ती मागची टोकं. या दोन टोकांच्या मध्ये, जरा खाली, खुबा असतो. पुढच्या टोकावरून खुब्यावर आणि तिथून मागच्या टोकावर नजरेने रेघ ओढा.

ही रेघ इंग्रजी व्ही अक्षरासारखी टोकदार उतरून वर चढत असेल, तर गाय तीन गुणांची किंवा त्याहून कमी. यू अक्षरासारखी गोलाईने फिरत असेल, तर सव्वातीन किंवा जास्त. अर्धं काम इथेच होतं.

व्ही दिसला तर हात लावा. पुढचं टोक गोलसर, मऊ झालेलं असेल तर तीन. पुढचं टोक कोनासारखं लागतं पण मागच्या टोकावर चरबीची गादी आहे, तर पावणेतीन. मागचं टोकही कोनदार आहे, पण बोटांनी दाबल्यावर त्यावर चरबीचा पातळ थर जाणवतो, तर अडीच. तो थरही नसेल तर अडीचच्या खाली. मग कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्यातून आडव्या निघालेल्या हाडांकडे पाहा. त्यांची निम्मी लांबी उघडी दिसत असेल तर सव्वादोन, पाऊण लांबी दिसत असेल तर दोन.

यू दिसला तर गाईच्या मागे या. इथे कातडीखाली दोन दोऱ्या पाहायच्या. एक पुढच्या टोकापासून कण्याकडे जाते, दुसरी मागच्या टोकापासून शेपटीच्या मुळाकडे. दोन्ही स्पष्ट दिसल्या तर सव्वातीन. पुढची दिसते पण मागची जेमतेम, तर साडेतीन. पुढची जेमतेम आणि मागची नाहीच, तर पावणेचार. दोन्ही चरबीत बुडाल्या तर चार.

पहिल्या दहा-बारा गाईंना तुमचा अंदाज चुकेल. पण एकाच गाईला दर वेळी एकाच माणसाने हात लावला, तर पाव गुणाची चढउतारही पकडता येते. आणि आपल्याला चढउतारच हवी आहे. एकट्या गुणापेक्षा मागच्या महिन्याचा आणि आजचा गुण शेजारी ठेवला की गाय कुठे चालली आहे ते दिसतं.

गाय पोटाने एवढी मोठी दिसते, मग गुण अडीचच कसे?

पोट बघूच नका. सात महिन्यांच्या पुढे वासरू, पाणी आणि पेंढ्याने भरलेलं कोठीपोट मिळून गाय बाजूने गोल दिसते आणि मालकाला वाटतं, गाय छान झाली. चरबी पोटावर मोजायची नसते, कमरेच्या मागच्या हाडांवर मोजायची असते. थंडीतली दाट केसाळ गाय भरलेली वाटते आणि पावसात भिजलेली तीच गाय हाडकलेली वाटते. म्हणून नुसत्या डोळ्यांवर न जाता हात लावायचा.

उलटी फसगत व्यायच्या आधीच्या आठवड्यात होते. गाय पुठ्ठे टाकते, शेपटीच्या मुळाजवळचे बंध सैल होतात आणि दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. ते पाहून "गाय अचानक उतरली" म्हणून माणसं घाबरून खुराक वाढवतात. ती उतरलेली नसते, व्यायच्या तयारीला लागलेली असते. त्यामुळे शेवटचा खरा गुण व्यायच्या तीन आठवडे आधी घ्यायचा आणि त्यानंतरच्या गुणावर भरवसा ठेवायचा नाही.

व्यायच्या वेळी किती गुण हवेत?

तीन ते सव्वातीन. साडेतीनपर्यंत चालतं, त्यापुढे नको.

व्यायल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत गाय जेवढं दूध देते तेवढं खाऊ शकत नाही. उरलेला खर्च ती अंगातल्या चरबीतून करते. अडीच गुणांची गाय व्याली तर काढायला फारसं काही नसतं: दूध लवकर उतरतं आणि माजावर यायला वेळ लागतो. चार गुणांच्या गाईचं संकट वेगळं असतं. तिची भूक व्यायच्या आधीपासूनच मंदावते, म्हणून चरबी एकदम, भसाभस वितळते. एवढी चरबी यकृताला झेपत नाही, ती यकृतातच साचते. गाय खाणं टाकते, आधी खुराक सोडते आणि पेंढा चघळते, श्वासाला गोडसर, आंबूस वास येतो. हा कीटोसिस. अशा गाईंत जार अडकण्याचं आणि मिल्क फीवरचं प्रमाणही जास्त असतं.

मग गुण कधी पाहायचे?

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा गुण आटवायच्या ८० ते १०० दिवस आधीचा. म्हणजे गाय चार ते पावणेपाच महिन्यांची गाभण असते आणि अजून दूध देत असते. बहुतेक गोठ्यांत या वेळी तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

त्याची कारणं दोन. पहिलं असं की अंग हळूहळू भरतं. अर्धा गुण चढायला अडीच महिने सहज लागतात. दुसरं असं की दुभती गाय खुराकातला जोर अंगावर चढवण्यात भाकड गाईपेक्षा काटकसरी असते. तोच एक किलो खुराक दुधाच्या उतरत्या काळात दिला तर अंगावर जास्त चढतो, आटवल्यावर दिला तर कमी. शिवाय आटवल्यानंतरचे दोन महिने वासराच्या वाढीचे असतात. वासराचं दोनतृतीयांश वजन गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं, तेव्हा घातलेलं आधी तिकडे जातं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दूध कमी झालं की खुराक कमी केला जातो. सहा लिटरवर आलेल्या गाईला चार किलो घालणं परवडत नाही असं वाटतं, आणि घर चालवणाऱ्या माणसाला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण तिने आधीच्या महिन्यांत अंगातून जे दिलं ते भरून घेण्याची ही एकच संधी असते.

त्यानंतर दुसरा गुण आटवायच्या दिवशी, तिसरा व्यायच्या तीन आठवडे आधी आणि चौथा व्यायल्यावर दीड महिन्याने. चारच वेळा. भरवल्याची तारीख लिहून ठेवली असेल तर २८० दिवस मोजून व्यायची तारीख काढता येते आणि बाकीच्या सगळ्या तारखा तिच्यावरून मागे मोजता येतात. तारीख लिहिलेली नसेल तर यातलं काहीच जमत नाही. म्हणून रेतन केल्याच्याच दिवशी ती गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा.

अडीचवरून तीनवर न्यायला किती खुराक लागतो? एखादं उदाहरण द्या.

वाळपईच्या पुढे एका काकींची गौरी नावाची गाय आहे. संकरित जर्सी, चौथं वेत, फीतीने ३८० किलो. २० जानेवारीला भरवली, म्हणजे व्यायची तारीख २७ ऑक्टोबर आणि आटवायची २८ ऑगस्ट. मी १० जूनला गोठ्यात गेलो. दूध दिवसाला सहा लिटर, खुराक दोन्ही वेळचा मिळून अडीच किलो. रेघ व्हीसारखी, पुढचं टोक कोनदार, मागच्या टोकावर बोट दाबलं की पातळसा थर. अडीच गुण. काकी म्हणाल्या, "दोन महिने अशीच आहे, ना वाढते ना उतरते." म्हणजे अडीच किलोत तिचं जमाखर्च बरोबरीत सुटत होतं, शिल्लक काही पडत नव्हती.

आटवायला ७९ दिवस होते. या अंगाच्या गाईला एक पूर्ण गुण चढायचा म्हणजे ढोबळमानाने ३५ ते ४० किलो वजन वाढायला हवं. आम्हाला अर्धा गुण हवा होता, म्हणजे सुमारे २० किलो. ७९ दिवसांत वीस किलो म्हणजे रोज पाव किलो. तेवढं अंगावर चढवायला चांगल्या गोळी पेंडीचा रोज साधारण एक किलो जास्तीचा लागतो. पण घातलेलं सगळं अंगावर जात नाही, थोडं दुधात जातं आणि जुलैपासून पोटातलं वासरूही वाटा मागतं. म्हणून आम्ही दीड किलो वाढवला. एकूण चार किलो.

हा आकडा नेहमीच्या हिशेबाशीही जुळतो. शरीरपोषणाला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हणजे सहा लिटरला जवळजवळ अडीच किलो. दोन्ही मिळून चार. काकी वेगळं काही जादा घालत नव्हत्या, जे द्यायला हवं होतं तेच आता देऊ लागल्या.

वाढ एकदम केली नाही. दर तीन दिवसांनी पाव किलो, सकाळ-संध्याकाळ वाटून. १५ जुलैला हात लावला तेव्हा मागच्या टोकावर गादी आली होती: पावणेतीन. दूध एरवी जुलैत उतरलं असतं, ते सहावरच राहिलं. २८ ऑगस्टला पुढचं टोक गोलसर लागलं. तीन.

खर्च सांगतो. दीड किलोप्रमाणे ७९ दिवसांचा ११८ किलो खुराक झाला, म्हणजे ५० किलोची जवळजवळ अडीच पोती. यातला काही भाग दुधाने तेव्हाच परत दिला.

आटवल्यानंतर काय घालायचं?

जो गुण आहे तोच टिकवायचा. व्यायला साठ दिवस असताना आटवायचं. चतुर्थीच्या गडबडीत ही तारीख हमखास मागे पडते आणि गाय चाळीस दिवस आधीपर्यंत पिळली जाते. कासेला विश्रांती मिळत नाही आणि पुढच्या वेताचं दूध कमी होतं.

गौरीला पहिले साडेपाच आठवडे रोज चार किलो भाताचा पेंढा, बारा किलो हिरवं, दोन किलो खुराक आणि ५० ग्रॅम क्षार मिश्रण होतं. यात सुक्या हिशेबाने साडेसात किलोच्या आसपास पोटात जातं, म्हणजे तिच्या वजनाच्या दोन टक्के. पेंढा तोडून टाकू नका. पोट मोठं आणि भरलेलं राहिलं तरच व्यायल्यावर ती भरपूर खाईल.

आटवायच्या दिवशी गाय अडीचवरच असेल, तर आता तीन करण्याचा हट्ट धरू नका. तीन किलोपर्यंत खुराक देऊन पावणेतीन साधलं तरी पुष्कळ.

गाय फारच लठ्ठ आहे. आटवल्यावर खुराक बंद करून उतरवू का?

नाही. हे मी स्वतः चुकून शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत डिचोली तालुक्यातल्या एका गोठ्यात मला एक गाय दाखवली. ती दोन-तीनदा भरवूनही उलटली होती, उशिरा गाभण राहिली होती आणि पाच महिने भाकड उभी होती. दोन्ही दोऱ्या चरबीत बुडालेल्या, चारच्या वर गुण. व्यायला महिना होता. मी मालकाला सांगितलं, "खुराक पूर्ण बंद करा, नुसता पेंढा घाला, उतरेल." ती उतरली, पण आतून. पोटात वासरू झपाट्याने वाढत असताना तिला वरून काही मिळेना, तेव्हा तिने चरबी वितळवायला सुरुवात केली. व्याली, जार अडकली, चौथ्या दिवशी खाणं सुटलं. ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या, तोंडाने औषध पाजलं, तीन आठवडे रोज जात होतो. गाय वाचली, पण त्या वेताचं दूध गेलं. त्या माणसाने मला कधी बोल लावला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

लठ्ठ गाईला आटवल्यावर आहे तिथेच ठेवायचं. खुराक एक किलोवर, पेंढा पोटभर, हिरवं बेताचं, क्षार मिश्रण चालू. शेवटच्या तीन आठवड्यांत तिलाही थोडा खुराक वाढवायचा, पण दोन-अडीच किलोच्या पुढे नाही. व्यायच्या आधी आणि नंतर ती किती खाते यावर नजर ठेवा, आणि व्यायल्यावर पहिल्या आठवड्यात ती खुराक सोडून पेंढा चघळताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा.

उतरवायचीच असेल तर ती दुभती असताना, शेवटच्या तीन-चार महिन्यांत, आणि तेही हळू. लठ्ठपणाचं मूळ बहुतेक वेळा गाय वेळेवर गाभण न राहण्यात असतं: दूध कमी होतं, खुराक तोच राहतो आणि भाकडकाळ लांबतो.

शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक का वाढवायचा? अंग भरायला?

अंग भरायला नाही. पोटातल्या जंतूंना सवय लावायला. कोठीपोटात अन्न कुजवणारे जंतू असतात. पेंढ्यावर जगणारे वेगळे, पिठूळ खुराकावर जगणारे वेगळे. व्यायल्या दिवसापासून तुम्ही सहा किलो खुराक घालणार आणि पोटात फक्त पेंढ्याचे जंतू असतील, तर पोट आंबतं, शेण पातळ होतं, गाय खाणं टाकते. जंतूंचा हा बदल व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात.

गौरीचा तिसरा गुण ६ ऑक्टोबरला घेतला. तीन. त्या दिवसापासून दर तीन दिवसांनी पाव किलो वाढवत दोन किलोवरून साडेतीन किलोवर आणला. तिच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आतच. २५ ऑक्टोबरच्या रात्री ती व्याली.

व्यायच्या आधी कॅल्शियम पाजावं का?

दुकानातून कॅल्शियमचा डबा आणून शेवटच्या महिन्यात रोज पाजतात. हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. गाईच्या हाडांत भरपूर कॅल्शियम असतं, ते गरजेला बाहेर काढण्याची तिची स्वतःची यंत्रणा असते. वरून रोज आयतं मिळालं की ती यंत्रणा झोपते. व्यायल्यावर चिकात एकदम कॅल्शियम जातं, हाडांतून काही वेळेवर येत नाही, आणि गाय थंड कान घेऊन मान पोटाकडे वळवून बसते. हाच मिल्क फीवर. जर्सी रक्ताच्या, तिसऱ्या वेतापुढच्या गाईंत हे जास्त. म्हणून शेवटचे तीन आठवडे कॅल्शियम बंद. या दिवसांसाठी वेगळं क्षार मिश्रण मिळतं, ते डॉक्टरला विचारून आणा. व्यायल्यानंतर कॅल्शियम जरूर द्या.

इथे आपल्या नेपियरविषयी सांगायला हवं. गोठा धुतलेलं शेणामुताचं पाणी ज्या वाफ्यात जातं, त्या वाफ्यातलं नेपियर हिरवंगार असतं, पण त्यात पोटॅशियम फार असतं आणि तेही कॅल्शियमच्या यंत्रणेला अडवतं. शेवटच्या तीन आठवड्यांत त्या वाफ्याचं नेपियर दुसऱ्या गाईंना घाला. व्यायला झालेल्या गाईला पेंढा वाढवा आणि हिरवं बांधावरचं किंवा मक्याचं द्या.

पावसाळ्यात ढीगभर हिरवं घालतो, तरी गाय का उतरते?

कारण ढिगात पाणी असतं. जुलैतलं कोवळं नेपियर वीस किलो घातलं तर सुकं अन्न जेमतेम तीन किलो निघतं. गाईचं पोट भरतं, शेण पातळ होतं, अंगावर काही चढत नाही. हिरवं आदल्या संध्याकाळी कापून छपराखाली पसरून ठेवा आणि सोबत पेंढा तीन-चार किलो द्याच. गौरीच्या वेळी जूनमध्ये आम्ही खुराकाच्या आधी हेच केलं होतं.

खुराक वाढवून महिना झाला, गुण हलतच नाही. काय चुकतंय?

आधी खुराक खरोखर तिच्याच पोटात जातो का पाहा. शेजारच्या जोरकस गाईने तोंड घातलं तर दोन किलोतला एक जातो. गव्हाणीत मध्ये आडवी फळी लावली की कळतं. मग मापाचं भांडं काट्यावर तोलून बघा. एका घरी "दोन किलोचं" टोपलं एक किलो तीनशे ग्रॅमचं निघालं होतं. गोळी पेंड आणि कोंडा एकाच भांड्याने मोजले तरी वजन एक येत नाही.

तेही बरोबर असेल तर शेण तपासायला द्या. शेतात, तळ्याकाठी चरणाऱ्या आपल्या गाईंना यकृतातले चपटे जंत होतात. ते गोगलगाईंच्या आधाराने वाढतात. गाय खाते पण उतरत जाते आणि पुढे जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज येते. औषध मनाने देऊ नका, कारण त्यातली काही औषधं दुभत्या किंवा गाभण गाईला चालत नाहीत.

बिअरच्या कारखान्यातला चोथा किंवा काजूच्या बोंडूंचा चोथा चालतो का?

बिअरचा ओला चोथा चालतो, पण त्यात तीनचतुर्थांश पाणी असतं. चार-साडेचार किलो ओला चोथा म्हणजे साधारण एक किलो सुकं, असा हिशेब धरा. आपल्या उष्म्यात तो दोन-तीन दिवसांत बिघडतो. बुरशी दिसली की फेकून द्या. बुरशी लागलेला चोथा गाभण गाईला तर अजिबात नको. बोंडूंचा चोथा गोड असतो, गाई हावरटपणे खातात. थोडा, सवय लावत, पेंढ्यासोबत द्या. हंगामात टोपलीभर एकदम घातला की पोट आंबलंच. शेवटच्या तीन आठवड्यांत तो टाळलेला बरा.

कालवडी, श्वेत कपिला आणि म्हशी यांना हेच गुण लागू होतात का?

कालवड तीन ते सव्वातीनवरच व्यायला हवी. जास्त लठ्ठ कालवडीचं वासरू अडतं. तिची स्वतःची वाढही चालू असते, म्हणून खुराकाला हात आखडू नका.

आपली श्वेत कपिला हाडापेरानेच लहान आणि कोनदार असते. तिला जर्सीच्या मापाने मोजलं तर ती कायम कमीच भरेल. तिचा गुण तिच्या स्वतःच्याच मागच्या गुणाशी ताडून पाहा. तिचं दूधही थोडं असतं, त्यामुळे अंगाची उतरणही कमी. म्हशीची हाडं आणि चरबी साठवण्याची जागा वेगळी, गाभणकाळही सुमारे ३१० दिवसांचा. वरची दोऱ्यांची पद्धत तिला जशीच्या तशी लावू नका.

व्यायल्यावर किती उतरली तर काळजी करायची?

दीड महिन्यात अर्धा गुण उतरणं ठीक. त्याहून जास्त उतरली, किंवा पहिल्याच पंधरवड्यात टोकं उघडी पडू लागली, तर ती दुधापेक्षा खूप कमी खाते आहे. खुराक एकदम ओतू नका. रोज पाव ते अर्धा किलो वाढवा, चांगलं हिरवं द्या आणि स्वच्छ पाणी रात्रीही समोर ठेवा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गौरीला पुन्हा हात लावला. मागच्या टोकावरची गादी थोडी पातळ झाली होती पण होती: पावणेतीनच्या जरा खाली. दूध अकरा लिटर. आधीच्या वेताला ती अडीचवर व्याली होती, तेव्हा पहिला माज दिसायला चार महिने लागले होते. या वेळी १६ डिसेंबरला, बावन्नाव्या दिवशी, काकींनी सकाळी फोन केला. गाय रात्रभर हंबरत होती आणि शेपटीला काचेसारखा चिकट स्राव होता. त्या वेळी आम्ही भरवली नाही, पुढच्या माजाची तारीख भिंतीवर लिहिली: ६ जानेवारी.